भाकरी कडू लागते तेव्हा : पीठ, दाणे, तेल आणि तूप खवट का होतं?

जयंतीला पाच-सहा दिवस राहिले होते. वस्तीत निळे झेंडे बांधायचं काम चालू होतं आणि मी वर्गणीच्या हिशेबाला निघाले होते. वाटेत एका घरातून हाक आली, "सिस्टर, जरा आत या. पोरगं आठ दिवस झाले भाकरीला तोंड लावत नाही." दवाखान्याची नोकरी सोडून मला बरीच वर्षं झाली, पण वस्तीत मी अजून सिस्टरच आहे.

पोरगं चार वर्षांचं. अंगणवाडीच्या नोंदीत वजन आधीच कमी, म्हणून आई जास्तच घाबरली होती. मी त्याला जवळ घेतलं. ताप नव्हता, डोळे-जीभ ठीक, पोट मऊ, जुलाब-उलटी नाही. सकाळी त्याने भात-वरण पोटभर खाल्लं होतं. म्हणजे भूक होती, फक्त भाकरी नको होती. विचारलं तर एवढंच म्हणालं, "कडू हाय." कोपऱ्यातून आजी म्हणाल्या, "नखरे हायत त्याचे. आम्ही पण तीच भाकर खातोय की."

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि कोरडाच, सावकाश चावला. आधी काहीच वाटलं नाही. गिळल्यावर मात्र जिभेच्या मागच्या बाजूला कडवट चव उतरली आणि पाणी प्यायल्यावरही गेली नाही. मोठी माणसं भाकरी ठेच्याबरोबर, कालवणात बुडवून खात होती, म्हणून त्यांना ती कळत नव्हती. पोराला तिखट चालत नव्हतं, त्यामुळे त्याच्या तोंडी भाकरीची खरी चव येत होती. पोरगं खरं बोलत होतं.

मग मी वहिनींना म्हटलं, पिठाचा डबा दाखवा. पिठाचा दाखवला, मग दाण्याच्या कुटाचा, मग तेलाचा, शेवटी तुपाचा. चारही डब्यांत कमीजास्त खवटपणा निघाला आणि प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. हा लेख त्या चार डब्यांचा आहे.

पहिला डबा : बाजरीचं पीठ

वहिनींच्या माहेरहून बाजरी आली होती. जयंतीला पाहुणे येणार, तेव्हा गिरणीत जायला वेळ मिळणार नाही, म्हणून त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी एकदम दहा किलो दळून आणली. घरात बाजरीचं पीठ रोज साधारण अर्धा किलो लागतं. म्हणजे दहा किलो पीठ वीस दिवस पुरणार होतं. गणित बरोबर होतं, पण बाजरीचं पीठ चैत्रातल्या उन्हाळ्यात वीस दिवस टिकत नाही.

याचं कारण बाजरीच्या दाण्यातच आहे. आपण खातो त्या धान्यांत बाजरीत चरबी जास्त, शंभर ग्रॅमला साधारण पाच ग्रॅम. ज्वारीत आणि गव्हात ती त्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी. ही चरबी मुख्यतः दाण्याच्या कोंबात असते. चरबी फोडणारं लायपेज नावाचं एक द्रव्यही त्याच दाण्यात असतं. दाणा अखंड आहे तोवर दोघं आपापल्या जागी असतात, म्हणून कोरडी, कीड नसलेली बाजरी कित्येक महिने चांगली राहते. दळलं की दोघं एकत्र येतात. त्या क्षणापासून पीठ कडू व्हायला लागतं. पिठात ओल असेल, घर गरम असेल, तर हे काम आणखी जोरात चालतं.

थंडीत बाजरीचं पीठ आठ-दहा दिवस बरं राहतं. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात चार-पाच दिवसांच्या पुढे मी भरवसा ठेवत नाही. ज्वारीचं पीठ त्याहून जास्त टिकतं, गव्हाची कणीक उन्हाळ्यातही दोन-तीन आठवडे चालते. तांदळाचं पीठ आणखी टिकतं, कारण तांदूळ सडताना कोंडा आणि कोंब निघून गेलेला असतो. मैदाही त्याच कारणाने टिकतो. तेव्हा लवकर खराब होणारं पीठ वाईट, असं समजू नका. त्यात दाण्याचा सगळा कस असतो, म्हणूनच ते लवकर उतरतं.

वहिनींच्या घरी आणखी दोन चुका झाल्या होत्या. गिरणीतून आलेलं गरम पीठ त्यांनी तसंच डब्यात दाबून झाकण लावलं. गरम पिठाला झाकण लावलं की आत वाफ धरते, ती झाकणाला लागून परत पिठात उतरते आणि पिठाला ओल मिळते. पीठ आधी स्वच्छ कोरड्या कापडावर पसरावं, हाताला गार लागलं की मगच भरावं. दुसरी चूक अशी, की डब्याच्या बुडाला जुनं पीठ होतं आणि नवं त्याच्यावर ओतलं होतं. डब्याच्या कडेला, सांध्यात जुनं पीठ चिकटून राहतं, त्यात पोरकिडेही राहतात. डबा रिकामा झाला की धुवायचा, उन्हात खडखडीत वाळवायचा, गार होऊ द्यायचा आणि मग नवं पीठ भरायचं.

आता उपाय. गिरणीवाला पैसे किलोमागे घेतो. दहा किलो एकदम दळलं काय आणि दोन-दोन किलो दळलं काय, पैसे तेवढेच. अडचण पैशाची नव्हती, वेळेची होती. वहिनी सकाळी सहाला कामावर जातात. म्हणून शेजारच्या तिघींनी मिळून पाळी लावली. दर चार दिवसांनी एकीने गिरणीत जायचं आणि तिघींची दोन-दोन किलो बाजरी दळून आणायची. पिशव्यांवर खूण करायची. प्रत्येकीला बारा दिवसांतून एकदाच जावं लागतं आणि पीठ चार दिवसांपेक्षा जुनं कुणाच्याच घरात राहत नाही.

आजींनी विचारलं, "कडक पाण्याने मळलं तर कडूपणा जाईल का?" नाही जात. गरम पाण्याने भाकरी चांगली थापता येते, पण कडू झालेलं पीठ गोड होत नाही. ताज्या पिठात मिसळलं तर तेही कडवट होतं.

दुसरा डबा : शेंगदाण्याचा कूट

कुटाच्या बरणीचं झाकण उघडलं तेव्हा भाजलेल्या दाण्यांचा खमंग वास यायला हवा होता. आला तो जुन्या पुठ्ठ्यासारखा, थोडा रंगाच्या डब्यासारखा. खवटलेल्या दाण्यांचा वास रंगासारखा येतो हा नुसता भास नाही. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं, म्हणून ते पूर्वीपासून रंगात वापरतात. दाण्याच्या तेलाचंही हवेत तसंच काहीतरी होतं, फक्त सावकाश.

इथे मुख्य दोष हवेचा. हवेतला प्राणवायू तेलाला लागतो, तेल बदलतं आणि त्या बदललेल्या तेलातून वास सुटतो. जितकं तेल हवेला उघडं, तितकं ते लवकर खवटतं. टरफलात असलेली शेंग सगळ्यांत जास्त टिकते, कारण तिला दोन वेष्टणं असतात. टरफल काढलेला, पण लाल साल असलेला कच्चा दाणा त्याच्या खालोखाल. भाजून साल काढलेला दाणा त्याहून कमी. कूट सगळ्यांत कमी, कारण कुटात तेल बाहेर आलेलं असतं आणि प्रत्येक कणाला हवा लागते. तिळाचा कूट, कारळ्याची आणि जवसाची चटणी, किसलेलं सुकं खोबरं यांचंही असंच. जवस तर अख्खे चांगले टिकतात आणि कुटले की लगेच उतरायला लागतात.

वहिनींनी आठवडी बाजारातून फुटके, पाकळी झालेले दाणे स्वस्त मिळाले म्हणून दोन किलो घेतले होते. एका रविवारी सगळे भाजून कूट करून ठेवला. फुटक्या दाण्याला आधीच हवा लागलेली असते. घेताना चार दाणे चावून बघितले असते, तर तिथेच कळलं असतं. दुकानदार दाणे चाखू देत नसेल, तर त्याच्याकडून दाणे घेऊ नयेत.

दाणे कच्चे ठेवा, आठवड्यापुरते भाजा, आणि कूट तीन-चार दिवसांपुरताच करा. भाजलेले दाणे पूर्ण गार झाल्यावरच भरा. बरणी लहान घ्या, म्हणजे ती भरलेली राहील आणि आत हवेला जागा कमी मिळेल. मोठ्या बरणीच्या तळाला मूठभर कूट म्हणजे हवाच जास्त.

एक फरक नीट लक्षात ठेवा. खवट दाणा आणि बुरशी लागलेला दाणा एक नव्हेत. खवट दाणा दिसायला चांगला असतो, वास आणि चव बिघडलेली असते. बुरशीचा दाणा सुरकुतलेला, काळपट किंवा हिरवट असतो, फोडला तर आत पाकळ्यांमध्ये बुरशीची पूड दिसते. या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. ते यकृताला घातक आहे, त्याने यकृताचा कर्करोग होतो आणि भाजल्याने ते पुरतं जात नाही. खवट दाण्याचा प्रश्न चवीचा आणि कसाचा आहे, बुरशीचा प्रश्न जिवाचा आहे. दाणे भाजण्याआधी सुपात घेऊन निवडा. असे दाणे वाटेल तितके स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. ते कोंबडीला, शेळीलाही घालू नका.

तिसरा डबा : तेल

तेलाचा पाच लिटरचा पारदर्शक डबा खिडकीजवळच्या फळीवर, शेगडीच्या वरच्या बाजूला होता. दुपारी त्या फळीला हात लावला तर ती तापलेली लागत होती. वर पत्रा, खाली शेगडी, बाजूला ऊन. तेलाला नको असलेल्या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र होत्या : हवा, उष्णता आणि उजेड. उष्णता साधारण दहा अंशांनी वाढली, तर तेल खवटण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, असा एक ढोबळ हिशेब आहे. तेव्हा एकाच घरात वरच्या फळीवरचं तेल आणि खाली भिंतीच्या सावलीत ठेवलेलं तेल सारखं टिकत नाही.

तेलाचं खवटणं आगीसारखं असतं. सुरुवातीला बरेच दिवस काहीच कळत नाही. आत धुमसत असतं, पण नाकाला वास येत नाही. एकदा पेट घेतला की मात्र भराभर वाढतं, कारण बदललेल्या तेलाचा कण शेजारच्या चांगल्या कणालाही बदलत जातो. म्हणूनच जुन्या तेलावर नवं तेल ओतणं ही घराघरातली सगळ्यांत मोठी चूक आहे. वहिनींकडे रोजच्या वापराची स्टीलची बुधली होती. ती संपत आली की डब्यातून भरायची, असं वर्षभर चाललेलं. बुधली एकदाही धुतलेली नव्हती. तोंडाशी पिवळा, चिकट थर जमला होता, नखाने खरवडावा लागला. तो चिकटा म्हणजे घट्ट झालेलं जुनं, खवट तेल. रोजचं चांगलं तेल त्याच्यावरून वाहत होतं.

आम्ही ती बुधली गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने घासली, उलटी ठेवून उन्हात वाळवली. पाण्याचा एक थेंबही राहता कामा नये. डब्यात अजून तीन लिटरच्या आसपास तेल होतं. वास घेतला तर ते अजून बरं होतं, खवटपणा बुधलीत होता. म्हणून डब्यातलं तेल आम्ही एक-एक लिटरच्या धुतलेल्या, वाळवलेल्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरलं. बाटल्यांभोवती कागद गुंडाळला आणि त्या ओट्याखाली, शेगडीपासून लांब ठेवल्या. एका वेळी एकच बाटली उघडायची. ती संपली की बुधली धुवायची, मगच दुसरी फोडायची. आता हवा एकाच बाटलीला लागते, बाकीच्या भरलेल्या राहतात.

सण-समारंभाला दोन-तीन घरं मिळून पंधरा किलोचा डबा घेतात. त्यातही हेच करा. डबा फोडला त्याच दिवशी वाटून घ्या. प्रत्येकी पाच किलो म्हणजे साधारण साडेपाच लिटर तेल येतं. अर्धा रिकामा, तोंड कापलेला डबा महिनाभर एकाच घरात ठेवू नका. एकट्या घराला एक लिटरची पिशवी बरी. ती कापेपर्यंत हवा लागत नाही. पाच लिटरच्या डब्यात खरंच किती वाचतं, ते लिटरच्या भावाने मोजून बघा. पुष्कळदा फरक थोडा असतो आणि शेवटचा लिटर खवटला तर तोही जातो.

सगळी तेलं सारखी टिकत नाहीत. जवसाचं सगळ्यांत लवकर बिघडतं. सूर्यफूल, करडई, सोयाबीन यांनाही जपावं लागतं. शेंगदाण्याचं त्याहून बरं. खोबरेल हवेने सहसा लवकर खवटत नाही, पण त्यात पाणी गेलं तर साबणासारखी चव येते. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत आणि गंजलेल्या लोखंडी डब्यात तेल ठेवू नका. हे धातू खवटण्याचा वेग वाढवतात.

तळून उरलेल्या तेलाचा प्रश्न याहून गंभीर आहे. तळताना तेल खूप तापतं, त्यात पदार्थातलं पाणी आणि पिठाचे कण जातात. असं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात आरोग्याला अपायकारक पदार्थ साठत जातात. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने यासाठी मर्यादा घातली आहे. तेलातले असे बिघडलेले घटक 25 टक्क्यांच्या वर गेले, की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. हा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. घरात हे मोजायचं यंत्र नसतं, पण खुणा असतात. तेल काळपट होतं, दाट होतं, पदार्थ सोडल्यावर वर फेस धरून राहतो आणि आधीपेक्षा लवकर धूर निघतो. यातलं काहीही दिसलं की ते तेल संपलं. एकदा तळलेलं चांगलं तेल गार करून गाळून घ्या, भाजीच्या फोडणीला एक-दोन दिवसांत वापरून टाका. त्यात पुन्हा तळू नका आणि ते ताज्या तेलात मिसळू नका. भज्यांची गाडी लावणाऱ्या आपल्या बहिणींनी आणि भावांनीही हे बघावं. त्यांची गिऱ्हाईकं आपलीच पोरं असतात.

चौथा डबा : तूप

तूप गावाहून आलं होतं, पोरासाठी म्हणून. त्याला आंबूस, उलटीसारखा वास होता. दुधाच्या चरबीत एक आंबट वासाचं आम्ल बांधलेलं असतं. चरबी फुटली की ते सुटं होतं आणि असा वास येतो. हे व्हायला तुपात पाणी लागतं.

तूप चांगलं कढवलं असेल तर त्यात पाणी नसतं, म्हणून ते इतर चरबीपेक्षा जास्त टिकतं. कढवताना आधी मोठा फेस येतो, तडतड आवाज होतो, तो पाण्याचा. तडतड थांबली, तूप स्वच्छ दिसायला लागलं आणि बेरी सोनेरी-तांबूस झाली, की ते झालं. घाईने आधीच उतरवलं तर पाणी आत राहतं. परीक्षा सोपी आहे : गरम तव्यावर थोडं तूप टाका. तडतडलं तर त्यात पाणी आहे. ते पुन्हा कढवा, गाळा, कोरड्या बरणीत भरा. मात्र हे वास येण्याआधी करायचं.

वास आल्यावर काय? आजी म्हणाल्या, "विड्याचं पान टाकून परत कढवते." लोणी कढवताना पान टाकायची जुनी रीत चांगली आहे, पानामुळे तूप जास्त टिकतं. पण खवटलेलं तूप पानाने परत चांगलं होत नाही, नुसता वास थोडा दबतो.

वहिनींच्या तुपाचं आणखी एक झालं होतं. भातावर वाढलेला, ओला चमचा तसाच बरणीत जात होता. तुपाला वेगळा, कोरडा चमचा ठेवा. लोणी महिनाभर साठवून कढवत असाल आणि फ्रीज नसेल, तर ते तूप सुरुवातीपासूनच थोडं आंबूस होणार. उन्हाळ्यात लोणी दोन-तीन दिवसांतच कढवा.

नाकाने आणि जिभेने कसं ओळखायचं

रोज एकच वास घेणाऱ्या नाकाला तो वास कळेनासा होतो. म्हणून तपासणी सकाळी, चूल पेटण्याआधी, तोंडात तंबाखू-मिसरी नसताना करा. सर्दी असेल त्या दिवशी नको.

तेलाचे दोन थेंब तळहातावर घ्या, दोन्ही हात चोळून ऊब आणा आणि हुंगा. उबेने दडलेला वास वर येतो. पिठासाठी चमचाभर पीठ वाटीत घ्या, त्यावर थोडं गरम पाणी टाका आणि वाफ हुंगा. ताज्या पिठाला धान्याचा गोडसर वास येतो, जुन्याला कोंदट. मग चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून थांबा. दाण्यांचे चार दाणे वेगवेगळे, हळू चावा. खवटपणाची चव उशिरा, गिळल्यावर येते, म्हणून घाईने ठरवू नका. बुरशी दिसली तर मात्र चाखायचं नाही, सरळ टाकायचं. शंका असेल तर शेजारणीकडचं ताजं पीठ किंवा तेल शेजारी ठेवून हुंगा. फरक लगेच कळतो.

पाकिटावरची तारीख बघाच, पण ती बंद पाकिटाची असते. पाकीट फोडल्यावर ती तारीख उपयोगाची राहत नाही. म्हणून फोडल्याचा दिवस चिठ्ठीवर लिहून डब्याला चिकटवा. सुट्या तेलाला आणि सुट्या पिठाला तर तारीखच नसते, तिथे सगळी भिस्त नाकावर.

खाल्लं तर काय होतं?

खवट भाकरी चार वेळा खाल्ली म्हणून विषबाधा होत नाही, घाबरू नका. कुणाला मळमळतं, जळजळतं, पोट बिघडतं. खरं नुकसान सावकाश होतं. तेल खवटताना त्यातलं अ आणि ई जीवनसत्त्व नष्ट होत जातं. पाकिटावर प्लस एफ खूण असलेल्या तेलात अ आणि ड जीवनसत्त्व मुद्दाम घातलेलं असतं. ते तेल पारदर्शक डब्यात खिडकीत ठेवलं तर अ जीवनसत्त्व उजेडाने कमी होतं. म्हणजे पैसे मोजून घेतलेला कस आपण खिडकीतच घालवतो.

आणि सगळ्यांत मोठं नुकसान त्या पोराचं होत होतं. वजन कमी असलेलं पोर भाकरी, दाण्याचा लाडू आणि तूप, तिन्ही टाकत होतं. त्याला लागणारा कस नेमका त्या तीन गोष्टींत होता आणि त्याला नखरेल म्हणून रागावलं जात होतं. पोर एखादाच पदार्थ टाकत असेल, तर आधी तो पदार्थ कोरडा, बिनतिखटाचा स्वतः चाखून बघा. पोर सगळंच टाकत असेल, मलूल असेल, ताप, जुलाब किंवा उलट्या असतील, तर डबे हुंगत बसू नका, दवाखान्यात न्या.

खवटलेलं फोडणीत, मसाल्यात लपवून संपवू नका. थोडं तेल किंवा तूप असेल तर दाराच्या बिजागरीला, कड्या-कुलपांना लावा. बाकीचं मोरीत ओतू नका, नाली तुंबते. जुन्या कागदात, राखेत जिरवून कचऱ्यात टाका.

वहिनींनी साडेतीन किलोच्या आसपास पीठ, बरणीभर कूट आणि ते तूप टाकलं. टाकताना त्यांचा हात थरथरत होता. कष्टाचं अन्न टाकायला कुणाचा हात उचलतो? म्हणून तर थोडं आणायचं, थोडं दळायचं, थोडं कुटायचं.

जयंतीच्या आदल्या दिवशी दोन किलो बाजरी ताजी दळून आली. संध्याकाळी मी मुद्दाम डोकावले. पोरगं भाकरीचा पापुद्रा काढून दुधात बुडवून खात होतं. मी विचारलं, "कशी हाय?" तोंड भरलेलं होतं, त्यामुळे त्याने नुसती मान हलवली. आजी म्हणाल्या, "नखरे नव्हते बाई, भाकरच कडू होती."